कोष्टक सांगते ३, पायऱ्या भरतात ४: एडिट डिस्टन्सच्या तक्त्यातून मागे कसे यावे

प्रश्न: «कसरत» या शब्दाचा «सरपण» करायचा आहे. अक्षर गाळणे, घालणे किंवा बदलणे अशा कमीत कमी किती पायऱ्या लागतील हे मोजणारा एडिट डिस्टन्सचा तक्ता भरला, शेवटच्या घरात ३ आले. पण शेवटून मागे येताना प्रत्येक वेळी तीन शेजाऱ्यांपैकी सर्वांत लहान आकड्याचे घर निवडले, तर ४ पायऱ्या निघाल्या. तक्ता चुकला आहे की माझी वाट?

उत्तर:

तक्ता बरोबर आहे, वाट चुकली आहे. ती नेमकी एकाच घरात चुकली, आणि ते घर तक्त्यात बोट ठेवून दाखवता येते. मूळ शब्द वरून खाली आणि हवा असलेला शब्द डावीकडून उजवीकडे मांडला, तर तक्ता असा दिसतो:

```
        –   स   र   प   ण
   –    0   1   2   3   4
   क    1   1   2   3   4
   स    2   1   2   3   4
   र    3   2   1   2   3
   त    4   3   2   2   3
```

प्रत्येक घर एका छोट्या प्रश्नाचे उत्तर असते: मूळ शब्दाच्या सुरुवातीच्या इतक्या अक्षरांपासून दुसऱ्या शब्दाची सुरुवातीची तितकी अक्षरे कमीत कमी किती पायऱ्यांत मिळतील? उदाहरणार्थ, «र» ओळ आणि «प» स्तंभ यांच्या घरातील २ म्हणजे «कसर»चे «सरप» करण्याचा खर्च. वरच्या घरातून खाली आलो तर मूळ शब्दातले अक्षर गाळले जाते, डावीकडून आलो तर नवे अक्षर घातले जाते, आणि या दोन्हींना प्रत्येकी १ खर्च येतो. तिरके आलो तर अक्षर बदलले जाते आणि त्यालाही १ लागतो, मात्र दोन्ही अक्षरे एकच असतील तर तिरकी चाल फुकट असते. (तुम्ही शब्दांच्या जागा अदलाबदल करून तक्ता मांडला असेल, तर गाळणे आणि घालणे यांचे अर्थही उलटतील. हे विसरल्यामुळे आकडा बरोबर आणि पायऱ्या उलट्या, असा गोंधळ मी अनेकांच्या कोडमध्ये पाहिला आहे.)

आता तुमची वाट पाहू. शेवटच्या ३ पासून तिरके वर गेलात, म्हणजे «त»चा «ण» केला. तिथल्या २ पासून डावीकडच्या १ वर गेलात, म्हणजे «प» घातला. मग «र» आणि «र» जुळले म्हणून तिरके फुकट वर सरकलात आणि «स» ओळ व «स» स्तंभ यांच्या घरात पोहोचलात, जिथे १ लिहिले आहे. इथपर्यंत सगळे योग्य आहे. या घराच्या डावीकडे २ आहे, पण वर १ आहे आणि तिरकेही १ आहे. दोन्ही सारखेच लहान असल्यामुळे तुम्ही वरचे घर निवडले असणार, म्हणजे «स» गाळला, आणि पुढे «क»चा «स» केला. एकूण पायऱ्या चार. त्या लागू केल्या तर «सरपण» मिळतोच, म्हणून चूक चटकन लक्षात येत नाही. फक्त वाट एका पायरीने लांब झालेली असते.

वरच्या घरातील १ हा «क»पासून «स» करण्याचा खर्च आहे, आणि तिथून खाली येण्यासाठी «स» गाळण्याचा आणखी १ द्यावा लागतो. बेरीज २ होते, तर घरात लिहिले आहे १. म्हणजे हे घर भरताना १ हा आकडा वरून आलेलाच नव्हता. तो तिरक्या घरातून, «स» आणि «स» जुळल्यामुळे, काहीही न मिळवता खाली उतरला होता. म्हणून मागे येताना «कोणता शेजारी लहान आहे» असे विचारायचे नसते, तर «कोणत्या शेजाऱ्याच्या आकड्यात त्या चालीचा खर्च मिळवला की या घरातला आकडा नेमका येतो» असे विचारायचे असते. अक्षरे वेगळी असतील तेव्हा तिन्ही चालींचा खर्च १ असल्याने लहान शेजारी निवडूनही निभावते. अक्षरे जुळतात आणि तिरक्या शेजाऱ्याची वरच्या किंवा डावीकडच्या शेजाऱ्याशी बरोबरी होते, तेव्हाच तुमचा नियम फसतो, आणि म्हणूनच तो पुष्कळ उदाहरणांत बरोबर असल्याचा भास होतो.

`a` हा मूळ शब्द, `b` हा हवा असलेला शब्द आणि `D` हा भरलेला तक्ता धरला, तर पायथॉनमध्ये हा नियम असा लिहिता येईल:

```python
steps = []
i, j = len(a), len(b)
while i > 0 or j > 0:
    if i and j:
        c = 0 if a[i-1] == b[j-1] else 1
        if D[i][j] == D[i-1][j-1] + c:
            if c:
                steps.append(("replace", i, b[j-1]))
            i, j = i-1, j-1
            continue
    if i and D[i][j] == D[i-1][j] + 1:
        steps.append(("delete", i))
        i -= 1
    else:
        steps.append(("insert", i, b[j-1]))
        j -= 1
```

`if i and j` ही अट काढू नका. पायथॉनमध्ये `D[-1]` म्हणजे शेवटची ओळ असते, त्यामुळे कडेला पोहोचल्यावर कोणतीही त्रुटी न दाखवता भलत्याच घराशी तुलना होऊ शकते.

या कोडने तुमच्या शब्दांसाठी तीन पायऱ्या मिळतात: «त»चा «ण» करा, तिसऱ्या अक्षरानंतर «प» घाला, पहिले अक्षर «क» गाळा. क्रम शेवटून सुरुवातीकडे आहे, आणि तो तसाच लागू करणे मला सोयीचे वाटते, कारण प्रत्येक बदल आधीच्या बदलाच्या डावीकडे होतो आणि मूळ शब्दातील स्थानांचे क्रमांक अखेरपर्यंत खरे राहतात. «कसरत», «कसरण», «कसरपण», «सरपण» असा शब्द बदलत जातो. पायऱ्या उलटून सुरुवातीपासून लागू केल्या, तर «क» गेल्याबरोबर पुढची सर्व स्थाने एकाने मागे येतात आणि क्रमांक दुरुस्त करत बसावे लागते.

तुमच्या एखाद्या मित्राने याच शब्दांसाठी «त»चा «प» करून शेवटी «ण» घातला, तर त्याचेही उत्तर चूक नाही. शेवटच्या घरातील ३ हा तिरक्या २ मधूनही येतो आणि डावीकडच्या २ मधूनही येतो, त्यामुळे या तक्त्यात तीन पायऱ्यांच्या दोन वाटा आहेत. वरचा कोड तिरकी चाल आधी तपासतो म्हणून पहिली वाट देतो. चाचण्या लिहिताना तपासण्याचा क्रम ठरवून ठेवा, किंवा पायऱ्यांच्या यादीची तुलना न करता त्यांची संख्या आणि लागू केल्यानंतरचा शब्द तपासा.

तुम्ही निवडलेल्या शब्दांत एकही काना, वेलांटी किंवा जोडाक्षर नाही, म्हणून एक अडचण सुदैवाने समोर आली नाही. पायथॉन स्ट्रिंगमधले युनिकोड कोडबिंदू मोजते, वाचकाला दिसणारी अक्षरे मोजत नाही. «क्ष» हा क, हलन्त चिन्ह आणि ष असे तीन कोडबिंदू मिळून बनतो, आणि «ज्ञ» ज, हलन्त चिन्ह आणि ञ यांनी. त्यामुळे «क्ष»चा «ज्ञ» करताना वाचकाला एकच अक्षर बदललेले दिसते, पण तक्ता दोन बदल मोजतो, आणि त्या दोन पायऱ्यांच्या मधल्या टप्प्यावर «क्ञ» असे विचित्र काहीतरी पडद्यावर येते. पायऱ्या माणसांना दाखवायच्या असतील, तर तक्ता भरण्याआधी शब्दाची दृश्य अक्षरांची यादी करून घ्या. `a` आणि `b` याद्या असल्या तरी वरचा कोड एका अक्षरानेही बदलावा लागत नाही.