पेपर सोपा गेला असं वाटतं तेव्हा

प्रिय मित्रा,

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. राज्यसेवा पूर्वचा सराव पेपर दिलास, बाहेर येऊन मित्रांना सांगितलंस की एकशेवीसच्या खाली येत नाहीत, आणि आले ब्याऐंशी. आता तुला प्रश्न पडलाय की टेस्ट सिरीजवाल्यांनी पेपर मुद्दाम फिरवून काढला की तुझंच काहीतरी चुकतंय. पेपर फिरवलेला असेलही, पण अडतीस मार्कांचा फरक पेपरामुळे नाही आला. तो तुझ्या अंदाजातला फरक आहे. अंदाज का चुकतो आणि तो मोजायचा कसा हे एकदा नीट लिहून द्यावं असं वाटलं, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी हे लक्षात घे की तू खोटं बोलला नाहीस आणि तुला घमेंडही आलेली नाही. 1999 मध्ये क्रूगर आणि डनिंग या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना लॉजिक, व्याकरण वगैरेच्या टेस्ट दिल्या आणि प्रत्येकाला विचारलं, बाकीच्यांच्या तुलनेत तू कुठे असशील? सगळ्यात खालच्या पाव भागातली मुलं प्रत्यक्षात सरासरी 12 व्या पर्सेंटाइलला होती, म्हणजे शंभरात जेमतेम बारा जण त्यांच्या मागे, आणि ती स्वतःला 62 व्या पर्सेंटाइलला समजत होती. यात थोडा भाग आकडेमोडीचा पण असतो, म्हणजे सगळ्यात खाली असलेल्याचा अंदाज चुकला तर तो वरच्या बाजूलाच चुकणार, खाली जागाच कुठे आहे! पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. काही जणांना मध्येच थोडं लॉजिक शिकवलं, आणि मग स्वतःचाच जुना पेपर समोर ठेवल्यावर कच्च्या मुलांचा अंदाज खऱ्याच्या बराच जवळ आला. म्हणजे उत्तर बरोबर द्यायला जे ज्ञान लागतं, तेच आपलं उत्तर चुकलंय हे ओळखायलाही लागतं. ते नसेल तर चुकीचं उत्तर आतून अगदी बरोबर उत्तरासारखंच वाटतं.

आणि अगदी पहिल्या दिवशी कुणी असं फुगलेलं नसतं बरं का. तू पहिल्यांदा पॉलिटीचं पुस्तक उघडलंस तेव्हा घाबरला होतास, आठवतंय? आत्मविश्वास चढतो तो दोन-तीन महिन्यांनी, एक वाचन झालं, थोडे प्रश्न जमले की, ज्ञान तेवढं वाढलेलं नसताना. तू आत्ता बरोबर त्या टप्प्यावर आहेस.

आता हे आपल्या परीक्षेत कसं घडतं ते बघ. समज प्रश्न 73 व्या घटनादुरुस्तीवर आला. तुझी लगेच कळी खुलते, कारण 24 एप्रिल 1993 पाठ, अकरावी अनुसूची पाठ, 29 विषय पाठ. मग विधान येतं, 'तिन्ही स्तरांवरील अध्यक्षांची निवड निवडून आलेल्या सदस्यांमधूनच होते, अशी घटनेत तरतूद आहे.' तू बरोबर म्हणून पुढे जातोस. पण कलम 243 सी सांगतं की मधल्या आणि जिल्हा पातळीवर तसं आहे, गावपातळीवरचा अध्यक्ष कसा निवडायचा ते राज्याच्या कायद्यावर सोडलंय, म्हणून तर आपल्याकडे सरपंच कधी थेट जनतेतून तर कधी सदस्यांमधून अशी अदलाबदल होऊ शकली. दुसरं विधान, 'प्रत्येक राज्यात तीन स्तर बंधनकारक आहेत.' तेही चूक, वीस लाखांपेक्षा जास्त लोकसंख्या नसलेल्या राज्याला मधला स्तर नसला तरी चालतो, आपल्या शेजारच्या गोव्यातच ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत असे दोनच स्तर आहेत. तुला विषय ओळखीचा होता पण विचारलेली गोष्ट माहीत नव्हती, आणि आतून दोन्ही सारखंच वाटतं. पुस्तक तिसऱ्यांदा वाचताना पानं भराभर उलटतात ना, ती ओळख असते, तिच्यावरून आपण पक्कं झालं असं धरतो. अमेरिकेत 2008 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात कॉलेजच्या मुलांना 40 स्वाहिली शब्द अर्थासकट पाठ करायला दिले होते. शब्द एकदा आठवला की काही जण त्याची स्वतःची परीक्षा घेणं बंद करून तो नुसता वाचत राहिले, काही जण परीक्षा घेतच राहिले. आठवड्याने किती आठवतील विचारलं तर सगळ्यांचं उत्तर साधारण निम्मे. प्रत्यक्षात परीक्षा घेत राहिलेल्यांना 80 टक्क्यांच्या आसपास आठवले आणि नुसतं वाचणाऱ्यांना एक तृतीयांशच्या आसपास. आपलं काय होणार हे दोघांनाही आतून कळलं नाही.

म्हणून आतल्या आवाजाला विचारूच नकोस, बाहेरचा पुरावा गोळा कर. मी अभ्यासिकेतल्या मुलांना जे करायला लावते तेच तुलाही सांगते. पेपर सोडवताना प्रत्येक उत्तरापुढे प्रश्नपत्रिकेवरच एक अक्षर टाकायचं. प म्हणजे पक्कं, यात शंका नाही. द म्हणजे दोन पर्यायांत अडकलोय. अ म्हणजे अंदाज. एका प्रश्नाला एक सेकंद जास्त लागतो, बस. पेपर संपला की उत्तरतालिका उघडायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात आपला अपेक्षित स्कोअर पेनने लिहायचा. पेनने म्हणतेय कारण पेन्सिलचा आकडा नंतर नकळत बदलतो, आणि लिहिलाच नाही तर उत्तर बघितल्यावर 'हे तर मला येतच होतं' असं मन स्वतःच म्हणायला लागतं.

मागच्या वर्षी साताऱ्याकडची एक मुलगी होती, तिचा एक पेपर मला अजून लक्षात आहे. शंभर प्रश्न, दोनशे मार्क, चुकीला पाव प्रश्नाचे म्हणजे अर्धा मार्क वजा. तिने 88 सोडवले. त्यात प होते 52, द 24 आणि अ 12. तिचा हिशोब असा होता की पक्क्यातले 50 तरी बरोबर, दोनातले निम्मे म्हणजे 12, अंदाजातले 3, एकूण 65 बरोबर आणि 23 चूक, म्हणजे 130 वजा साडेअकरा, 118.5. कोपऱ्यात तेच लिहिलं होतं. तपासल्यावर पक्क्यातले 36 बरोबर, दोनातले 11, अंदाजातले 4. एकूण 51 बरोबर, 37 चूक, 102 वजा 18.5, आले 83.5.

ती रडवेली झाली आणि म्हणाली, ताई मी तुक्के फार मारले, पुढच्या वेळी अटेम्प्ट कमी करते. जवळजवळ प्रत्येक मुलगा हेच म्हणतो, तूही मेसेजमध्ये हेच लिहिलंयस. पण आकडे बघ ना. अंदाजातल्या बारांनी तिला 8 वजा 4 असे चार मार्क मिळवून दिले. दोनात अडकलेल्यांनी 22 वजा साडेसहा, साडेपंधरा दिले. ते सोडले असते तर स्कोअर 64 वर आला असता! पाव निगेटिव्हला पाचात एक बरोबर आलं तरी बरोबरी होते, त्यामुळे दोन पर्याय उडवता आले असतील तर प्रश्न सोडणं हे नुकसानच आहे. द आणि अ बद्दल तिचा अंदाज जवळपास अचूक होता, दोन्ही ठिकाणी फक्त एकेकाचा फरक. अख्खा 35 मार्कांचा खड्डा प च्या रकान्यात होता, 50 धरले आणि 36 आले. तिची अडचण तुक्के नव्हतीच, जिथे ती निर्धास्त होती तिथेच घोटाळा होता, आणि निर्धास्त होती म्हणून त्या विषयांची रिव्हिजन ती करतच नव्हती.

मग आम्ही त्या 16 चुकलेल्या पक्क्या प्रश्नांना घेऊन बसलो. पुस्तक बंद, कोरा कागद, आणि त्या टॉपिकवर जे येतं ते लिही म्हटलं. पंचायत राजवर तिने सात ओळी लिहिल्या, तारखा आणि अनुसूची सगळं बरोबर, पण मुदत, आरक्षण, निवडणूक आयोग, वित्त आयोग यांपैकी एकावरही पूर्ण वाक्य नव्हतं. तो कागद बघून ती गप्प झाली, मला काही बोलावंच लागलं नाही. त्यापुढे तिने नियम केला की कोऱ्या कागदावर उतरल्याशिवाय टॉपिकवर टिक करायची नाही. तीन महिन्यांनी प चे प्रश्न 52 वरून 41 वर आले आणि त्यातले 37 बरोबर यायला लागले. बाकीचे द मध्ये गेले, म्हणजे ती आता शंका घ्यायला शिकली होती.

आता यातल्या अडचणी पण सांगते. एका पेपरावरून निष्कर्ष काढू नकोस, बारा अंदाजांत चार आले काय नि दोन आले काय, तो योगायोग असू शकतो. निदान तीन-चार पेपरचे रकाने एकत्र कर, मग प च्या शंभर-दीडशे प्रश्नांवरून काहीतरी ठाम म्हणता येईल. पेपर आधी न बघितलेला हवा, आयोगाचे जुने पेपर त्यासाठी बाजूला राखून ठेव, टॉपिकवाईज सोडवून आधीच संपवू नकोस, कारण एकदा बघितलेल्या पेपरातला स्कोअर फुगलेलाच येतो. घड्याळ लावून, दोन तास, मध्ये चहा नाही. एकाच क्लासची सिरीज लावली असशील तर दोन पेपर दुसऱ्या कुणाचे घे, एकाच माणसाची प्रश्न काढायची सवय आपल्याला कळते आणि ती आपण अभ्यास समजतो. उत्तरतालिका चुकीची वाटली तर मूळ पुस्तकात बघ, पण बरोबर आलेल्या उत्तरांचीही तितकीच शहानिशा कर, फक्त चुकलेल्यांसाठी भांडशील तर आकडा पुन्हा तुझ्याच बाजूने झुकेल.

आणि 'सिली मिस्टेक' म्हणून चूक बाजूला काढू नकोस. 'अयोग्य विधान ओळखा' मधलं अयोग्य वाचायचं राहिलं तरी ते चूकच, परीक्षेच्या दिवशीही राहणार आहे. मी मुलांना अशा चुका वेगळ्या रंगाने लिहायला सांगते पण एकूणातून वजा करू देत नाही, कारण प्रत्येक पेपरात सहा-सात येत असतील तर तो तुझा स्कोअरच आहे.

अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्यांशी तुलना करून फार काही कळणार नाही, तिथे सगळे साधारण एकाच टप्प्यावर असतात. मागच्या दोन-तीन वर्षांचा तुझ्या प्रवर्गाचा कटऑफ घे आणि त्याच वर्षाच्या पेपरात, वेळ लावून, तुझे किती येतात ते शेजारी लिही.

येत्या रविवारी पुढचा पेपर आहे ना तुझा? संध्याकाळी मला दोन फोटो पाठव, एक तपासण्याआधीच्या कोपऱ्याचा आणि एक तपासल्यानंतरच्या तीन रकान्यांचा. प मधले जे चुकतील त्यांची यादी वेगळी कर, सोमवारी कोरे कागद घेऊन सातला ये, आपण त्या यादीवरच बसू.

तुझी,
ताई