'आम्ही' आणि 'आपण': दोघांना एकच 'वुई'?

प्रश्न : मुलाखतीत एक बाई म्हणाल्या, "आम्ही रेशनला गेलो की दुकानदार म्हणतो, उद्या या. आपण काय बोलणार?" इंग्रजी शोधनिबंधात मी दोन्हीकडे 'वुई' घातलंय. मार्गदर्शक म्हणतात, चालेल. चालेल का?

नाही चालणार. हल्ली "चला, आम्ही उद्या भेटूया" हे ऐकून कान किटलेत. समोरच्याला वगळणारं ते 'आम्ही', धरून घेणारं ते 'आपण'. हिंदीच्या 'हम'पायी हा भेद आपल्या तोंडूनच निसटतोय.

'आपण' निघाला 'आत्मन्'मधून. प्राकृतात 'अप्पा', 'अप्पाण', आणि मग 'आपण'. मधली पायरी तर दगडावर कोरलेली आहे! गिरनारच्या अशोकलेखात, इ.स.पू. 3ऱ्या शतकात, 'आत्पपासंड' असा शब्द येतो, म्हणजे आपला स्वतःचा पंथ. 'त्म'चा 'त्प' झालेला तिथे डोळ्यांनी दिसतो. म्हणजे 'आपण' मुळात 'स्वतः'. स्वतः, मग कोणीही माणूस, आणि त्या कोणीहीमध्ये समोर बसलेले तुम्हीही आलात, असा तो पसरला असं माझं ठाम मत आहे. हा भेद द्राविडी भाषांकडून उसना घेतला, असं बरेच विद्वान सांगतात. तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु' आहेत, हे खरं. पण शेजारच्या आजच्या कन्नडात दोन्हींना 'नावु' एकच, आणि गुजरातीत मात्र 'अमे' आणि 'आपणे' नांदतात. घडण शेजाऱ्याची असेलही, लाकूड आपल्या घरचं आहे.

आता तुमच्या बाई. 'आम्ही रेशनला गेलो' यात तुम्ही नाही. तुम्ही त्या रांगेत उभ्या राहत नाही, हे त्यांना माहीत आहे. पुढच्याच वाक्यात 'आपण' आला. त्या जागी 'माणसानं काय बोलायचं' बसतं का? बसत असेल तर तो हताश, सर्वसाधारण उद्गार. इंग्रजीत तिथे 'व्हॉट कॅन यू से?' जवळचं. की त्या तुमच्याकडे बघून, तुम्हालाही बाई म्हणून सोबत घेत होत्या? मग ती जवळीक हाच तुमचा पुरावा. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐका : आधी तुम्ही "हो ना" म्हणालात का, पुढे त्यांनी पुन्हा 'आम्ही' धरलं का. तरीही ठरेना, तर दोन्ही अर्थ निबंधात नोंदवा.

इंग्रजी मजकुरावर कोडिंग केलंत, म्हणजे वाक्यावाक्याला आशयाची लेबलं लावलीत, तर दोन 'वुई' मिळून 'सामूहिक असहायता' असा एकच कोड पडेल आणि ही वळणाची जागा दिसणारच नाही. कोडिंग मराठीवर करा, छापायची तेवढीच अवतरणं शेवटी भाषांतरित करा, शेजारी मूळ वाक्य ठेवा. दुसऱ्या कोणाकडून इंग्रजीचं उलट मराठी करून घेतलं आणि दोन्हीकडे 'आम्ही' आलं, तर "अर्थ तोच" म्हणून सोडू नका. गळती तिथेच झालेली असते.