मालक म्हणतात, उरलेल्या रकमेची व्हाउचरं करून टाका

प्रश्न: वकील साहेब, मी मानवतजवळच्या एका जिनिंग कंपनीत अकाउंटंट आहे. 25 ऑक्टोबर 2024 ला कंपनीच्या खात्यातून सेल्फ चेकने 18 लाख 50 हजार रोख काढले. किर्दीत फक्त ‘कापूस खरेदीसाठी’ एवढंच लिहिलंय. आता ऑडिटरनं लेखी खुलासा आणि व्हाउचरं मागितलीत. सगळी व्हाउचरं सापडत नाहीत. मालक म्हणतात, उरलेली करून टाका, मागची तारीख घाला. खुलाशावर सही माझी राहणार. मी काय लिहू? कागदांच्या झेरॉक्स पाठवल्यात.

उत्तर: मालक सांगतात ते करू नका. नाही कसं म्हणायचं ते शेवटी सांगतो. आधी कागदांबद्दल बोलू, कारण तुम्हाला वाटतं तितकी तुमची बाजू लंगडी नाही.

ऑडिटरला पहिली शंका येते ती एकाच दिवशी एवढी रोकड का काढली याची. याचं उत्तर कॅलेंडरमध्येच आहे. 25 ऑक्टोबरला शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी महिन्याचा चौथा शनिवार, म्हणजे बँक बंद, आणि त्यानंतर रविवार. मंगळवारी, 29 तारखेला, धनत्रयोदशी. दिवाळीच्या तोंडावर कापसाची गाडी घेऊन आलेला शेतकरी हातात पैसे मागतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही ऑडिटरला वेगळं सांगावं लागत नाही. तरी लिहा. पुढं ही फाइल दुसरा कुणी वाचेल, त्याला त्या आठवड्याची आठवण नसेल.

आता रकमेचं. तुमच्या झेरॉक्सवरून मी बेरीज केली. तेरा शेतकऱ्यांच्या सही असलेल्या खरेदी पावत्या आहेत 13,42,600 रुपयांच्या. हमाली आणि गाडीभाड्याची व्हाउचरं 61,400 ची. दोन्ही मिळून 14,04,000 झाले, म्हणजे 4,46,000 उरतात. तुम्ही हे सगळं ‘सापडत नाही’ या एका खात्यात टाकलंय, पण यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींना तीन वेगळी उत्तरं आहेत.

पहिली गोष्ट 1,76,000 ची. दोन शेतकऱ्यांच्या काटापट्ट्या तुमच्याकडे आहेत. एकाचा 13 क्विंटल कापूस 7,000 च्या भावानं, म्हणजे 91,000. दुसऱ्याचा साडेबारा क्विंटल 6,800 नं, म्हणजे 85,000. दोन्ही गाड्या 28 तारखेच्या गेट रजिस्टरमध्ये आहेत. फक्त पैसे मिळाल्याची सही नाही, दिवाळीच्या गर्दीत राहून गेली असेल. माल आल्याचा पुरावा भक्कम आहे. शेतकऱ्याकडून सरकीसकट कापूस घेतला की जीएसटी रिव्हर्स चार्जनं कंपनीलाच भरावा लागतो. ऑक्टोबरच्या विवरणात हा माल धरलेला असेल आणि बाजार समितीच्या फीच्या हिशोबातही असेल, तर तो ऑडिटचा प्रश्न येण्याच्या कितीतरी आधीच नोंदला गेलाय. हे दोन्ही कागद काढा, खुलाशाला जोडा.

मग त्या दोन शेतकऱ्यांकडे जा आणि लेखी घ्या. मजकूर एवढाच असू द्या: ‘28 ऑक्टोबर 2024 रोजी मी कंपनीला अमुक क्विंटल कापूस दिला व त्यापोटी अमुक रुपये रोख मिळाले.’ खाली सही, आणि सहीखाली आजची तारीख. कोऱ्या व्हाउचरवर 28 ऑक्टोबर घालून घेतलेली सही हा खोटा दस्त ठरतो. आजच्या तारखेनं दिलेला जबाब खराच असतो. दोन्हींत कष्ट सारखेच, फरक फक्त तारखेचा आहे. सोबत त्यांचा सातबारा घ्या, कापसाचा पेरा त्यावर दिसला पाहिजे.

सातबारा बाकी तेराजणांचाही हवा. 2024-25 या वर्षाला 1961 चाच प्राप्तिकर कायदा लागू आहे. त्याच्या कलम 40A(3) प्रमाणे एका माणसाला एका दिवशी 10,000 पेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च नामंजूर होतो. शेतमाल पिकवणाऱ्यालाच पैसे दिले असतील तर नियम 6DD सूट देतो. पण सूट पिकवणाऱ्याला आहे, गावोगाव फिरून कापूस गोळा करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. तुमच्या पावत्यांत एकाच नावावर 41 क्विंटल दिसतात. तेवढं रान त्या माणसाकडे आहे का, हे ऑडिटरच्या आधी तुम्ही बघा. तो व्यापारी निघाला तर तसं लिहा. कंपनीला त्या रकमेवर कर पडेल, तुमच्यावर बालंट येणार नाही.

दुसरी गोष्ट 2,00,000 ची. त्यावर संचालकांच्या हातची चिठ्ठी आहे, ‘घरी दोन पाठवा’. ही कापूस खरेदी नव्हे, आणि कापूस खरेदीत बसवायचा प्रयत्नही करू नका. तिला ‘संचालकांना रोख उचल’ म्हणा आणि चिठ्ठी जोडा. खासगी कंपनीनं संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याच्या कलम 185 ची बंधनं आहेत, काही अटींवर सूटही आहे. कर्ज किंवा ठेव म्हणून 20,000 किंवा जास्त रोख घेणं प्राप्तिकराच्या कलम 269SS मध्ये अडकतं आणि दंड घेणाऱ्याला, रकमेइतका होऊ शकतो. म्हणून मालक एवढे अस्वस्थ आहेत. पण तो प्रश्न त्यांचा आहे. सीएशी बोलून तो त्यांनी सोडवायचा आहे, तुमच्या व्हाउचर बुकातून नाही.

तिसरी गोष्ट उरलेल्या 70,000 ची. याला कागदच नाही. तुम्ही फोनवर म्हणालात की रोकड खरेदी मुनीमाकडे होती आणि ‘त्याच्याकडंच राहिले असतील’. हे वाक्य खुलाशात लिहू नका. तुम्ही पाहिलेलं नाही ते लिहिलं तर उद्या त्या माणसाची बदनामी तुमच्या सहीनं होईल. रोकड कुणाच्या ताब्यात दिली, कधी दिली, आणि 70,000 चा हिशोब आजपर्यंत मिळाला नाही, एवढंच लिहा.

मालकांना नेमकी ही 70,000 ची आणि दोन लाखांची जागा भरून हवी आहे. ती का भरता येत नाही ते नीट समजून घ्या. 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक कंपनीच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा आहे. नोंद कधी टाकली, कधी बदलली, हे त्यात राहतं, तो बंद करता येत नाही, आणि तो वर्षभर चालू होता का हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. आज टाकलेली ऑक्टोबरची नोंद आजचीच तारीख दाखवणार. कागदही बोलतो. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात अकाउंटंटनं नऊ व्हाउचरं मागच्या तारखेची केली होती. अक्षर बदललं, शाई बदलली, रेव्हेन्यू स्टॅम्पही लावले. पण ते व्हाउचर बुक छापल्याचं प्रेसचं बिल जानेवारीचं होतं आणि व्हाउचरं आधीच्या नोव्हेंबरची. बिल त्याच अकाउंटंटनं खर्चात टाकलं होतं. मालकानं ‘मला काही माहीत नाही’ म्हणून हात वर केले. तो पोरगा दोन वर्षं माझ्यासोबत कोर्टाच्या चकरा मारत होता, आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

नोकरानं फसवणुकीच्या हेतूनं मालकाच्या हिशोबात खोटी नोंद करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 344 चा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. ‘मालकानं सांगितलं’ हा त्यातला बचाव नाही. प्राप्तिकराचं कलम 271AAD खोट्या नोंदीच्या रकमेइतका दंड लावतं, आणि नोंद करायला लावणाऱ्यालाही तो लागू शकतो. हे शेवटचं वाक्य मालकांना जरूर दाखवा. उलट, हिशोब लागत नाही असं खरं सांगणं हा गुन्हा नाही. ऑडिटरला त्यात अफरातफर वाटली, तर एक कोटीच्या आतली रक्कम म्हणून त्याला दोन दिवसांत संचालक मंडळाला कळवावं लागेल. ती जड वेळ असेल, पण त्यात आरोपी म्हणून तुमचं नाव येण्याचं कारण नसेल.

खुलासा कंपनीच्या लेटरहेडवर, ऑडिटरच्या पत्राचा क्रमांक घालून, असा लिहा:

‘दि. 25/10/2024 रोजी काढलेल्या 18,50,000 रुपयांबाबत उपलब्ध कागदांवरून खुलासा. 26 व 27 रोजी बँक बंद असल्याने व दिवाळीपूर्वी कापसाची आवक असल्याने रक्कम एकत्र काढली. पैकी 14,04,000 ची सहीची व्हाउचरं जोडली आहेत (परिशिष्ट अ). 1,76,000 च्या खरेदीची काटापट्टी, गेट नोंद व शेतकऱ्यांचे आजच्या तारखेचे जबाब जोडले आहेत, मूळ वेळी पोचपावती घेतलेली नव्हती (परिशिष्ट ब). 2,00,000 संचालकांना त्यांच्या चिठ्ठीवरून दिले (परिशिष्ट क). 70,000 चे व्हाउचर आजपर्यंत मिळालेले नाही.’

द्यायच्या आधी एक काम करा. 24 ते 31 ऑक्टोबरची रोजची रोकड शिल्लक काढा. तुमच्या एका पावतीवर 24 तारीख आहे, म्हणजे पैसे काढायच्या आदल्या दिवशी दिलेले. त्या दिवशी पेटीत तेवढी शिल्लक असेल तर ते पैसे या रकमेतले नाहीत, आणि माझी वरची बेरीज तेवढ्यानं कमी होईल. शिल्लक नसेल तर तारीख चुकली का ते शेतकऱ्याला विचारा, आणि खुलाशात तसं नमूद करा. पावतीवर खाडाखोड करू नका.

आता मालकांना कसं सांगायचं. तोंडी वाद घालू नका. खुलाशाचा मसुदा त्यांना ईमेलनं पाठवा आणि लिहा, ‘साहेब, उपलब्ध कागदांप्रमाणे मसुदा पाठवत आहे. 70,000 चे मूळ व्हाउचर आपल्याकडे असल्यास शुक्रवारपर्यंत द्यावे.’ एवढंच. नकाराचा शब्दही नाही, पण तुम्ही काय पाहिलं आणि कधी सांगितलं याची नोंद झाली. चिठ्ठीची मूळ प्रत फाइलमधून कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या. हिशोबाची वह्या-व्हाउचरं कंपनीला आठ वर्षं जपावीच लागतात, हे कारण पुरेसं आहे.

आणि ऑडिटच्या शेवटी ऑडिटर एक निवेदनपत्र मागेल, ‘सर्व माहिती पूर्ण व खरी दिली आहे’ अशा मजकुराचं. ते व्यवस्थापनाचं असतं. मालकांनी ते तुमच्यापुढं सरकवलं तर संचालकांच्या सहीच्या जागी तुमची सही करू नका.