‘वाटतं का?’ आणि ‘वाटतं ना?’

प्रश्न: मी रिसर्चसाठी मुलाखती घेते. गाईड म्हणतात तुझे प्रश्न लीडिंग असतात. ‘का’च्या जागी ‘ना’ आलं तर खरंच एवढा फरक पडतो? आणि लीडिंगला मराठीत काय म्हणायचं?

शब्द आधी सांगते, सूचक प्रश्न. कोर्टात हाच शब्द चालतो. सरतपासणीत वकिलाने आपल्याच साक्षीदाराला असा प्रश्न विचारला की समोरचा लगेच हरकत घेतो, उलटतपासणीत मात्र विचारता येतो.

आणि फरक पडतो, भरपूर पडतो. ‘चहा घेणार का?’ ला नुसतं ‘नको’ म्हटलं तरी चालतं. ‘चहा घेणार ना?’ ला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, ‘आत्ताच झाला हो’ वगैरे. म्हणजे ‘ना’ लावणाऱ्याने उत्तर आधीच धरलेलं असतं, समोरच्याने फक्त दुजोरा द्यायचा, आणि तो न देणं आपल्याकडे जरा उद्धटपणाच वाटतो.

माझ्या भाचीचं सांगते. ती पर्वती पायथ्याच्या वस्तीतून एसआरएच्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलेल्या बायकांशी बोलत होती. विषय शेजार. एक मावशी होत्या, चार घरी पोळ्यांची कामं करणाऱ्या. ट्रान्सक्रिप्टमध्ये त्यांचं उत्तर एकदम चपखल आलेलं, ‘हो, शेजार तुटल्यासारखं वाटतं’, आणि भाची ते वाक्य थीसिसमध्ये मथळ्याला घेणार होती. नेमके शब्द तपासायला म्हणून तिने रेकॉर्डिंग परत लावलं.

टाइप केलेला प्रश्न होता, ‘इथे आल्यावर शेजाराबद्दल काय वाटतं?’ रेकॉर्डिंगमध्ये तिचा स्वतःचा आवाज, ‘पण मावशी, इथे शेजार तुटल्यासारखं वाटतं ना?’ मग थोडी शांतता, भांडं ठेवल्याचा आवाज, आणि मावशी, ‘हो ना ताई, वाटतं की. तुटल्यासारखंच.’ मुद्दाम कोणी फसवलं नव्हतं, ट्रान्सक्राइब करताना आपण आपलेच प्रश्न नीटनेटके करतो, ‘ना’, ‘म्हणजे’, ‘पण’ हे भरताड समजून उडवतो आणि कागदावर प्रश्न सोज्वळ दिसायला लागतो.

तिने मागे जाऊन ऐकलं तर त्याच्या थोडं आधी मावशी आपणहून बोलल्या होत्या, ‘दार लावलं की शांत झोप लागते आता’. त्यावर भाचीने ‘अच्छा’ म्हणून विषय बदललेला. हे ऐकून ती जी हबकली ती तिथेच. ‘तुटल्यासारखं’ हा शब्द त्या प्रश्नाआधी मावशींच्या तोंडी एकदाही नव्हता, त्यानंतर मात्र तीनदा आला आणि तिन्ही वेळा सोबत कोणाचं नाव नाही, प्रसंग नाही. झोपेच्या वाक्यात दार होतं, रात्र होती.

ओळखायची खूण हीच आहे, उत्तरात तुमचाच शब्द परत येतो आणि त्याला तपशील चिकटलेला नसतो. अजून एक, मराठीत ‘हो हो’ हे पुष्कळदा ‘ऐकतेय’ एवढंच असतं, त्याला होकार म्हणून मोजू नका.

भाची परत गेली. आता नुसतं ‘का’ लावून भागलं नसतं, कारण ‘शेजार तुटला असं वाटतं का?’ मध्ये सुद्धा तुटणं तुम्हीच आणलेलं असतं. तिने विचारलं, ‘मावशी, काल कामावरून आल्यापासून झोपेपर्यंत कोणकोण भेटलं ते सांगा.’ मावशींनी सांगितलं की लिफ्ट बंद होती म्हणून जिन्यात दोन मजले खालच्या बाईबरोबर बसल्या, तिने भाजी निवडून दिली, मग बहिणीचा फोन आला, ती मागच्या विंगमध्ये राहते. जुन्या वस्तीतल्या एका मैत्रिणीची आठवण निघाली तेव्हा मात्र खरंच गळा भरून आला, ती दुसऱ्या बिल्डिंगला गेली आणि आता हळदीकुंकवालाच भेटते. म्हणजे तुटलं होतं, पण शेजार नाही, एक माणूस.

तरी दुसरी मुलाखत कोरी धरता येत नाही हं. ताईला काय ऐकायचंय ते मावशींना पहिल्या भेटीतच कळलेलं असू शकतं. म्हणून भाचीने दोन्ही ट्रान्सक्रिप्ट ठेवली, प्रश्न जसेच्या तसे ‘ना’सकट टाइप केले, मथळ्याचं वाक्य काढलं आणि त्या उत्तरापुढे ‘सूचक प्रश्नानंतर’ अशी नोंद केली. बाकीच्या मुलाखतींची रेकॉर्डिंगही तिने मग कोडिंगच्या आधी ऐकली, फक्त स्वतःचे प्रश्न.

तुम्ही पण तेवढंच करून बघा, उत्तरं बाजूला ठेवा आणि ‘ना’, ‘नाही का’, ‘असेलच’ कुठे कुठे येतं तेवढं ऐका. गप्पांमध्ये ‘ना’ हवाच, त्याशिवाय मराठी बोलणं कोरडं होतं, मावशींना चहाचा आग्रह करताना खुशाल वापरा. ज्या प्रश्नाचं उत्तर थीसिसमध्ये जाणार आहे तिथे मात्र नको.