त्या दिवशी मला पळीचं माप सांगता आलं नाही

*आमच्या ऑफिसचं कँटीन मी सांभाळतो. लोकांनी दुपारी जरा बरं खावं म्हणून मला सगळ्यांसमोर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलंय. काय बोलू, आणि त्याने खरंच काही फरक पडतो का?*

पंधरा मिनिटं खूप होतात, आठ पुरे. सभागृहात बोलू नका. काउंटरपाशी उभे राहा, जेवण सुरू व्हायच्या जरा आधी, लोकांच्या पोटात भूक असताना. हे मी दोन्ही प्रकारे बोलून पाहिलंय म्हणून सांगते. पहिल्या वेळी जे घडलं ते अजून मनातून गेलेलं नाही.

तेव्हा मी दोनेकशे माणसांचं कँटीन चालवत होते. भाषण जेवणानंतर, सभागृहात, अर्धा तास. पडद्यावर ताटाचं चित्र लावलं होतं: अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव भाग धान्य, पाव भाग प्रथिनं. चित्र बरोबरच होतं. मग मी म्हणाले, तळलेले बटाटे सोडा आणि सॅलड घ्या. तिसऱ्या रांगेतून हिशेब विभागातल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सॅलडवर तुम्ही पळीने जे ओतता, त्यात तेल किती असतं?"

मला माहीत नव्हतं. माझ्याच स्वयंपाकघरातली पळी, माझ्याच आचाऱ्याने घोटलेलं ड्रेसिंग, आणि मला माहीत नव्हतं. "फार नसतं, आणि तेल चांगलं वापरतो," असं काहीतरी बोलून मी पुढे गेले. त्या खाली बसल्या. शेवटी टाळ्या वाजल्या, पण मला ऐकूही आल्या नाहीत.

संध्याकाळी भांडी धुऊन झाल्यावर ती पळी पाण्याने भरून मोजली. ६० मिलिलिटर. आचाऱ्याला विचारलं, तर ड्रेसिंगमध्ये निम्मं तेल. म्हणजे एका पळीत ३० मिलिलिटर तेल, वजनात २७ ग्रॅमच्या आसपास. तेल कुठलंही घ्या, ग्रॅमला ९ कॅलरी. पळीमागे जवळपास अडीचशे झाल्या. खालच्या पाल्याच्या पन्नाससुद्धा नसतील. तळलेल्या बटाट्यांची लहान वाटी घेतली असती तरी हिशेब फारसा वेगळा झाला नसता. चांगल्या तेलाचा फायदा असतो, तो हृदयाला. पण वजन कमी करायला बसलेल्या माणसाला तेवढं सांगून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंच्या टेबलापाशी जाऊन आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "मी चार महिने रोज तेच खातेय. वजन का हलत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत होते." त्यानंतर मला पुन्हा भाषण द्यायचं धैर्य व्हायला वर्ष गेलं.

त्या वर्षात बोलणं बंद ठेवून काउंटर बदलला. पळीच्या जागी २० मिलिलिटरचा चमचा आणला. लगेच तक्रार आली की सॅलड कोरडं लागतं, आणि ती खरी होती. ड्रेसिंग वरून ओतलं की वरची चार पानं न्हाऊन निघतात आणि खाली कोरडंच राहतं, म्हणून जास्त ओतावं लागतं. आम्ही मोठ्या परातीत आधीच कालवायला लागलो. तेवढ्याच कमी तेलात प्रत्येक पानाला चव लागली. फक्त मिठाने पाला पाणी सोडतो आणि अर्ध्या तासात मलूल पडतो, म्हणून एकदम सगळं न कालवता थोडं थोडं कालवावं लागतं. वाढपी आधी कुरकुरले, आठवड्याभरात सरावले.

दुसरी गोष्ट गरम भाजीची. आमच्याकडे हिरव्या शेंगांची भाजी बारा वाजता एकदम शिजायची आणि गरम पाण्यावरच्या ट्रेमध्ये दोनपर्यंत बसायची. सुरक्षिततेसाठी ट्रे ६० अंशांच्या वर ठेवावाच लागतो, पण त्या उष्णतेत भाजी शिजतच राहते. हिरवं रंगद्रव्य मोडतं, शेंगा शेवाळी-तपकिरी होतात, हाताला मऊ लागतात. बाराला येणाऱ्यांना एक भाजी मिळायची आणि सव्वा वाजता येणाऱ्यांना दुसरीच. उशिरा येणारे तळलेल्या पदार्थाकडे वळायचे, कारण ट्रेमध्ये तेवढंच खाण्यासारखं दिसायचं. आम्ही याला "लोकांना भाजी आवडत नाही" असं म्हणत होतो. मग शेंगा आधी अर्धवट उकडायच्या, बर्फाच्या पाण्यात टाकून थंड करायच्या, निथळून फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि दर वीस मिनिटांनी लागतील तेवढ्याच परतून काढायच्या असं सुरू केलं. मेहनत वाढली हे खरं. पण दीड वाजता येणाऱ्यालाही हिरवी भाजी मिळाली.

मग दुसरं भाषण झालं. काउंटरसमोर उभी राहिले. एका हातात जुनी पळी, दुसऱ्या हातात नवा चमचा. दोन्हींतल्या ड्रेसिंगमध्ये जेवढं तेल असतं तेवढं काचेच्या दोन पेल्यांत ओतलं आणि काही न बोलता पेले ठेवून दिले. मग म्हणाले, "गेल्या वर्षी मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर हे. तेव्हा मी चुकीचं सांगितलं होतं." पुढे एवढंच: आता भाजी दर वीस मिनिटांनी ताजी येते, ती रांगेत सगळ्यात आधी ठेवली आहे, उशिरा आलात तरी तशीच मिळेल, नाही मिळाली तर मला बोलवा. बटाटे आहेत तिथेच आहेत, कोणाला बंदी नाही. संपलं. आठ मिनिटंही लागली नाहीत.

"हेल्दी" हा शब्द मी त्यात एकदाही वापरला नाही आणि तुम्हीही वापरू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कँटीनमध्ये २०१६ साली एक प्रयोग झाला होता. भाजी तीच, कृती तीच, फक्त पाटी वेगवेगळी. चविष्ट वर्णन असलेल्या पाटीच्या दिवशी ती भाजी घेणारे साध्या नावाच्या दिवसापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाले, आणि "यात अमुक कमी आहे" छापाच्या आरोग्याच्या पाटीपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त. माणसाला दुपारी जेवायचं असतं, औषध घ्यायचं नसतं. अर्थात पाटीवर "खमंग" लिहिलंत तर ट्रेमध्येही खमंग हवं, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाटी कोणी वाचत नाही.

फरक पडला की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही, वजनकाट्यावर कळतं. आम्ही रोज १६ किलो गरम भाजी करायचो, त्यातली ६ किलो ट्रेमध्ये उरायची. पहिल्या भाषणानंतर आठवडाभर उरलेली भाजी ४ किलोवर आली, आणि मला वाटलं जिंकलो. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ६. दुसऱ्या भाषणानंतर, म्हणजे खरं तर काउंटर बदलल्यानंतर, १८ किलो करूनही महिन्याभराने २ किलोच उरत होती. ताटातलं उष्टं ज्या बादलीत जातं तीही वेगळी तोला. लोक भिडेखातर भाजी वाढून घेतात आणि टाकून देतात. ट्रे रिकामा दिसतो, पण पोटात काही गेलेलं नसतं.

आता आमच्या प्रशासनप्रमुखांबद्दल बोलावंच लागेल. त्यांचं ठाम मत होतं की लोकांना समज नाही, ती दिली की पुरे, काउंटरला हात लावलात तर तक्रारी येतील. त्यांनी भिंतभर पोस्टर लावून घेतली आणि वर्षाच्या अहवालात भाजीच्या आकड्याचं सगळं श्रेय पोस्टरांना दिलं. मी तेव्हा गप्प बसले. पण नंतर भिंती रंगवायला काढल्या तेव्हा पोस्टर महिनाभर गुंडाळून ठेवलेली होती. त्या महिन्यातही उरलेली भाजी दोनच किलो. आणि पुढे मुख्य आचारी तीन आठवडे रजेवर गेला, बदली माणसाने सगळी भाजी पुन्हा बाराला एकदम शिजवली, तेव्हा पोस्टर जागेवर असतानाही पाच किलो परत आली. वही अजून माझ्याकडे आहे. म्हणून तुम्हाला सांगते, तुमचे वरिष्ठ भाषण मागत असतील तर भाषणाआधी एक महिना काउंटर मागून घ्या. नाही मिळाला तर भाषणाला नकार द्या. लोकांना चांगलं खा म्हणायचं आणि समोर मेलेली भाजी ठेवायची, हा त्यांचा अपमान आहे.

त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. लिहिलेलं अगदीच वाया जातं असं नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये २०१० साली कँटीनमधल्या पदार्थांना लाल, पिवळ्या, हिरव्या खुणा लावल्या, तेव्हा लाल खुणेच्या वस्तूंची, विशेषतः गोड पेयांची विक्री खरोखर घटली. पण त्या खुणा वस्तूपाशीच होत्या, भिंतीवर नव्हत्या. आणि नंतर पाण्याच्या बाटल्या नजरेसमोर आणून ठेवल्या तेव्हा आणखी फरक पडला. माझी वहीही एकाच कँटीनची आहे, तुमच्याकडे दोनशेऐवजी दोन हजार माणसं असतील तर वीस मिनिटांचं गणित वेगळं बसवावं लागेल.

आणि बोलताना कोणाच्या शरीराकडे पाहून उदाहरण देऊ नका, नुसतं हसत हसतही नाही. भाषणानंतर दोन-तीन जण बाजूला घेऊन विचारतीलच, मला मधुमेह आहे, मला किडनीचा त्रास आहे, मी काय घेऊ? तिथे सल्ला द्यायला जाऊ नका. किडनीच्या रुग्णाला पोटॅशियम मोजून खावं लागतं, तुमची उत्तम पालेभाजीसुद्धा त्याला चालेलच असं नाही, आणि "कमी सोडियमचं" म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बऱ्याचदा पोटॅशियमच घातलेलं असतं. त्यांना फक्त एवढं सांगा की त्या पदार्थात काय काय आहे, तेल किती, मीठ किती, आणि ते कागदावर लिहून द्या म्हणजे डॉक्टरांना दाखवता येईल. त्यासाठी आजच संध्याकाळी सगळ्या पळ्या पाण्याने भरून मोजून ठेवा.