भाड्याचं उत्पन्न, ३० टक्के वजावट आणि होम लोनचं व्याज

प्रश्न: फ्लॅट भाड्याने दिलाय, महिना २५ हजार येतात, लोन चालू आहे. ऑफिसातले म्हणतात व्याज २ लाखापर्यंतच धरतात आणि न्यू रेजीममध्ये तर काहीच मिळत नाही. खरंय का?

अर्धवट खरंय. २ लाखाची मर्यादा स्वतः राहतो त्या घराच्या व्याजाला असते. भाड्याने दिलेल्या घरावर वर्षभराचं सगळं व्याज धरता येतं, कितीही असू दे, मर्यादा लागते ती त्यातून झालेला तोटा पगारातून वजा करताना, आणि इथेच सगळे गोंधळतात.

हिशोब करून बघू. वर्षाचं भाडं ३,००,०००. घरपट्टी १२,००० तुम्ही स्वतः त्याच वर्षात भरली असेल तर ती आधी वजा, राहिले २,८८,०००. ह्याच्या ३० टक्के म्हणजे ८६,४०० स्टँडर्ड डिडक्शन. हे सरसकट मिळतं, खर्च शून्य असो की लाखभर, पावत्या कोणी मागत नाही. म्हणूनच सोसायटी मेंटेनन्स, रंगकाम, प्लंबर असलं काही वेगळं दाखवता येत नाही, सगळं त्या ३० टक्क्यातच आलं. (पगारातलं स्टँडर्ड डिडक्शन वेगळं, ते मिळतंच.) आता उरले २,०१,६००.

समजा वर्षाचं व्याज ४,१०,००० आहे. आकडा बँकेच्या इंटरेस्ट सर्टिफिकेटमधून घ्या, ईएमआय गुणिले बारा करू नका, त्यात मुद्दलही असतं. वजा केलं की २,०८,४०० तोटा.

ओल्ड रेजीममध्ये ह्यातले २ लाख त्याच वर्षी पगारातून वजा होतात आणि ८,४०० पुढे ८ वर्षं नेता येतात, पण पुढे ते फक्त घराच्या उत्पन्नातूनच वजा होतात. न्यू रेजीममध्ये घरपट्टी, ३० टक्के, व्याज तिन्ही मिळतात, म्हणजे 'काहीच नाही' हे चूक. भाड्यावर टॅक्स शून्य होतो. फक्त तोटा पगाराला लावता येत नाही आणि पुढेही नेता येत नाही, गेला तो गेला.

३० टक्के स्लॅबमध्ये असाल तर ते २ लाख म्हणजे सेससकट ६२,४०० रुपये. तेवढ्यासाठी लगेच ओल्ड घेऊ नका, न्यूचे स्लॅब स्वस्त आहेत, त्यामुळे ८०सी वगैरे धरून दोन्हीकडे पूर्ण टॅक्स काढून बघा. लोन जुनं होत जातं तसं व्याज घटतं, तुमच्या केसमध्ये ते २,०१,६०० च्या खाली आलं की तोटाच उरत नाही, मग घरापुरतं दोन्ही सारखंच.

आणि ओल्ड घ्यायचं ठरलं तर रिटर्न मुदतीतच भरा. नोकरदाराने उशिरा भरलं की ओल्ड निवडताच येत नाही, आपोआप न्यू लागतं.