सळीच्या टोकांना शून्य नसेल तर आधी काय वजा करायचं

> दादा, ५० सेंमीची लोखंडी सळी, सुरवातीला सगळीकडं ३०°. डावं टोक ३० वरच धरलंय, उजवं एकदम ९० ला नेऊन तिथंच ठेवलंय. X गुणिले T लिहिलं की X(0)T(t)=30 येतं आणि पुढं सरकतच नाही. परवा एम-थ्रीचा पेपर आहे.

तू अडलास ते बरोबर जागी अडलास. ती अट प्रत्येक क्षणाला खरी ठेवायची म्हटली तर T ला बदलायला जागाच उरत नाही, ते कॉन्स्टंट होऊन बसतं. आणि दुसरं म्हणजे उजव्या टोकाला ९० असलेली दोन उत्तरं तू बेरजेला घेतलीस तर तिथं १८० होतात, म्हणजे बेरीज त्याच अटीत बसत नाही, आणि आपली सगळी पद्धत तर बेरजेवरच उभी आहे. टोकांना शून्य असेल तरच बेरीज चालते, कारण शून्य अधिक शून्य शून्यच.

तापमानाला u म्हण, समीकरण आहे `u_t = k u_xx`, k म्हणजे त्या धातूत उष्णता किती वेगानं पसरते ते. म्हणून आधी हे बघ की खूप वेळानं सळी कुठं जाऊन थांबणार. तेव्हा वेळेनुसार काहीच बदलत नाही, म्हणजे `u_xx = 0`, म्हणजे सरळ रेषा. ३० पासून ९० पर्यंत अर्ध्या मीटरमध्ये जायचंय, तर x मीटरमध्ये धरून ती रेषा `30 + 120x`. ही u मधून वजा कर, उरलेल्याला v म्हण. आता v दोन्ही टोकांना कायम शून्य, आणि सुरवातीला `v = -120x`, म्हणजे सळी शेवटच्या रेषेपेक्षा जितकी थंड आहे तेवढा फरक.

आता `v = X(x)T(t)` बिनधास्त लिही. भागाकार केल्यावर एक बाजू फक्त t ची, दुसरी फक्त x ची, म्हणून दोन्ही मिळून एकच कॉन्स्टंट. इथं पोरं पाठ केल्यासारखं मायनस लिहून मोकळी होतात, पण पेपरात कारण लिही: प्लस घेतला तर X मध्ये sinh, cosh येतात आणि ते दोन्ही टोकांना शून्य होऊच शकत नाहीत, शून्य घेतला तर सरळ रेषा येते आणि तीही सपाट होऊन संपते. मायनसलाच साइन मिळतो, आणि तोही फक्त सळीच्या लांबीत, म्हणजे L मध्ये, पूर्ण अर्ध्या लाटा बसतील तेव्हाच.

```
v = Σ b_n sin(nπx/L) exp(-k n²π² t/L²)
b_n = (2/L) ∫₀ᴸ (-120x) sin(nπx/L) dx = 120(-1)ⁿ/(nπ)
```

L = 0.5 घालून बाय पार्ट्स एकदा स्वतः कर. तपासायला सोपी खूण: b₁ मायनस आलाच पाहिजे (साधारण −३८.२), कारण सळी शेवटच्या रेषेपेक्षा थंडच सुरू झालीये. प्लस आला तर cos(nπ) चं चिन्ह कुठंतरी हुकलंय.

लोखंडाचा k साधारण `2.3×10⁻⁵ m²/s` धर. मग पहिलं पद सुमारे १८ मिनिटांत ३७ टक्क्यांवर येतं. दुसरं चौपट वेगानं मरतं, तिसरं नऊपट, कारण घातांकात n² आहे. १८ मिनिटांनी सळीच्या मध्यावर रेषा ६० म्हणते, पहिलं पद १४ कमी करतं, दुसरं पद मध्यावर मुळातच शून्य आणि तिसरं दिसण्याइतकंही उरलेलं नाही. उत्तर साधारण ४६°. एका पदात काम झालं.

उलट t = 0 ला मात्र ही सिरीज फार हट्टी आहे. उजव्या टोकाला सगळे साइन शून्य, पण v तिथं −६० कडं चाललेला, म्हणून b_n फक्त 1/n नं उतरतो आणि कितीही पदं घेऊन ग्राफ काढलास तरी टोकाजवळ एक उसळी राहतेच, फक्त ती टोकाकडं सरकत जाते. ती तुझी चूक नाही, खोडत बसू नकोस. वेळ थोडाही पुढं गेला की घातांक वरची पदं खाऊन टाकतो आणि ग्राफ गुळगुळीत होतो.

एक गोष्ट गृहीत आहे ती लिहायला विसरू नकोस: सळीच्या बाजूनं उष्णता बाहेर जात नाही. आमच्या साताऱ्यात पेढ्यासाठी खवा घोटतात त्या लांब दांड्याच्या लोखंडी उलथण्याला हे उत्तर लागू होत नाही, कारण दांडा वाटेतच हवेला उष्णता देत जातो आणि मुठीचं टोकही कुणी ३० वर धरून ठेवलेलं नसतं. फक्त बाजूची गळती घ्यायची असेल आणि हवा ३० ची असेल तर समीकरणात `-h(u-30)` वाढतं, शेवटची अवस्था सरळ रेषा राहत नाही, `30 + 60 sinh(mx)/sinh(mL)` होते, `m = √(h/k)`. पण युक्ती तीच, ही वजा करायची, साइन तेच राहतात आणि प्रत्येक पदाला जास्तीचा `exp(-ht)` लागतो.